बायकोनं सुनेला सांगितलेल्या शुभेच्छा

बायको आणि मी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते सुनेला दिवाळीच्या शुभेच्छा लिहायचं. बायको ओसरीत बेसनासाठी हरभऱ्याची डाळ निवडत होती, मी बाजेवर मोबाईल घेऊन. तिला वाचता येत नव्हतं. मला चौथीपुरतं येतं.

"फोन लाव ना, बोल सरळ," मी म्हटलं.

"फोनवर ते लाजते. हो आई, हो आई म्हणते अन् ठेवते. लेहलेलं दोनदा वाचता येते. लेहा तुमी."

सुनेची ही दुसरी दिवाळी. पहिला दिवाळसण तिच्या माहेरी, जऊळक्याला झाला होता. पोरगा आणि ती पुण्याला राहतात.

मी लिहिलं, दिवाळीले लवकर येजो. वाचून दाखवलं.

"खोडा ते! येजो कायले? माही सासू असाच निरोप धाडे, पुरण वाटाले पाठवा म्हणून. मायच्या घरून मी रडतच निंघो. पह्यले तिची तब्येत इचारा. मंग तिच्या मायबापाची. सण त्याच्या मांगून."

मग ती सांगत गेली. हात डाळीतच. "बाई, कशी आहेस? थकत असशीन. दिवाळीच्या तुले लय लय शुभेच्छा. मायजवळ जावंसं वाटलं त पह्यले तिकडंच जाय, आमाले राग नाही. इकडं आली त आनंदच आहे. फराळ मी करून ठेवतो. आंघोळीचं पाणी मी तापवतो. मले लेक नाही, यंदा पह्यलं तेल तुयाच डोक्याले लावन. वाट पाहून राह्यली."

माझा अंगठा तिथंच थांबला. पहिलं तेल माझं होतं. लग्नापासून दर दिवाळीला, अंधार असताना, ती माझ्या पाठीला तेल चोळायची. दुधावरची साय मला कधी ठेवली नाही, पण सून येणार म्हटलं की तीन दिवस वाटीत जमायची. मी थकलो का, असं तिनं मला कधी विचारलं होतं? आठवून पाहिलं. आठवलं नाही.

मी लिहिलं: "सुनबाई, दिवाळीच्या शुभेच्छा. चार दिवस आधी येणे. फराळाचे काम आहे. तुझी सासू." आणि पाठवलं.

"सगळं लेहलं?"

"सगळं."

थोड्या वेळानं सुनेचं उत्तर आलं. हो आई, येते. मी मोठ्यानं वाचलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"येवढंच? मायजवळ जाचं काई नाही म्हणे?"

"नाही. तिले काय पडली तुया गोड बोलाची."

 बायको डाळीतले खडे काढत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी ती त्याच ओसरीत बसल्या बसल्या गेली. मी चहा मागत होतो.

घरात दिवाळी झालीच नाही. सून पोराबरोबर आली, तेरवीपर्यंत राबली. रांधलं, वाढलं, भांडी घासली. डोळ्यातून टिपूस नाही. बाया कुजबुजल्या. तेरवीच्या दिवशी विहीणबाई चुलीपाशी सगळ्यांदेखत बोलल्या, "कामाले बोलावलं होतं सासूनं, कामालेच आली माही पोरगी. रडन कायले?"

"माय, चूप बस," सून म्हणाली.

विहीणबाई पाचच्या बसनं जऊळक्याला गेल्या. दिवेलागणीला मी सुनेला ओसरीत बोलावलं. सांगितलं सगळं, बायकोच्या शब्दांत, सायीच्या वाटीसकट. एकही शब्द विसरलो नव्हतो.

"मंग लेहलं काहून नाही, बाबा?"

"मले हेवा वाटला."

"माह्या?"

"तुया."

ती खाली बसली. "त्याईचं तोंड शेवटचं पाह्यलं तवा मले रडू नाही आलं, बाबा. म्या मनात म्हटलं, आता कोन बोलावते कामाले." मग म्हणाली, "पुन्हा सांगा. हळू सांगा."

पुन्हा सांगितलं. तेलापाशी आलो तेव्हा ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. आणि खरं लिहितो, तेव्हाही मला वाटलं, हिला सांगायला तरी एवढं काही ठेवून गेली, मला काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून जऊळक्याला गेलो. विहीणबाई अंगण झाडत होत्या. पाणी देते, बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "माह्या बायकोनं तुमच्या पोरीले कामाले नोतं बोलावलं. ते म्या लेहलं. काल तुमी माह्या बायकोले बोल्ल्या, ते मले बोला."

त्यांनी झाडू खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. मी ऐकत उभा राहिलो.