चार्जरशेजारच्या कागदावरचं पाचवं कलम

आमच्या पोर्चमध्ये भिंतीवर गाडीचा चार्जर आहे आणि त्याच्या शेजारी, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून, एक कागद चिकटवलेला असे. तो कागद मी लिहिला होता. त्यात पाच कलमं होती. चार खरी होती, पाचवं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे पाच महिने फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं.

चार्जर मुलाने बसवला. तो पुण्याला राहतो, महिन्यातून एकदा शिरूरला येतो, तेव्हा त्याची गाडी लावायला. बाकीचे दिवस तो डबा नुसता भिंतीवर. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर एक शिक्षिका भाड्याने राहायला आली. नवरा रांजणगावला कंपनीत, पाळीपाळीने ड्यूटी. तिची शाळा यवतच्या बाजूला, दौंड तालुक्यात. इथून पोचायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या. म्हणून तिने स्वतःच्या पगारावर कर्ज काढून एक लहान, वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरमालकाने मात्र स्पष्ट सांगितलं, "माझ्या वायरिंगला हे झेपायचं नाही." ती आमच्याकडे आली तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता आणि बोलताना अडखळत होती.

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी चाळीस वर्षं कंपनीच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. निवृत्त झाल्यावर विजेबद्दल कोणी काही विचारलं की माझी छाती अजून थोडी फुगते. मी चार्जरच्या लाइनवर छोटा वेगळा मीटर बसवला आणि कागद लिहिला.

पहिलं कलम पैशाचं. महिन्याच्या बिलाला एकूण युनिटने भागायचं, जो दर येईल त्याने वेगळ्या मीटरवरची युनिटं धरायची. नफा नाही, तोटा नाही. दुसरं वेळेचं. गाडी संध्याकाळी सातला लावावी, सकाळी काढावी. मुलगा येणार असेल त्या आठवड्यात आदल्या दिवशी सांगितलं जाईल. तिसरं असं, की चार्जर कार्ड दाखवल्यावरच सुरू होतो आणि ते कार्ड माझ्याकडे राहील. तिने प्लग लावून हाक मारायची, मी कार्ड टेकवायचं. चौथं माझ्या स्वभावाचं: सकाळी सातच्या आत बेल वाजवू नये.

तिने कागद वाचला आणि म्हणाली, "आबा, एवढं व्यवस्थित तर आमच्या शाळेचं वेळापत्रक पण नसतं."

सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी तिची हाक यायची, मी कार्ड टेकवायचो, दिवा हिरवा व्हायचा. तिच्या गाडीला एका वेळेला पाच-सहा तास लागत. गाडी लावून झाली की बायको तिला चहाला थांबवायची.

मग स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. तिने गाडी लावली, मी कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. ती म्हणाली, "आबा, उद्या लवकर निघायचंय. पोरांची हॉलतिकिटं माझ्याकडेच आहेत." आठ वाजता नळाला पाणी आलं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतं. मी पाण्याची मोटर चालू केली तर ती नुसती घूं घूं करायला लागली, उचलेना. मी चार्जरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, खाली पाडला. मोटरने पाणी उचललं, पंचवीस मिनिटांत टाकी भरली. मी एमसीबी परत वर केला आणि आत जाऊन जेवायला बसलो.

इथे माझी चूक झाली, आणि ती कशी झाली ते सांगितलं पाहिजे. मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या विहिरीवरच्या मोटरीला ऑटो असतो. लाइट गेली, परत आली, की मोटर आपोआप सुरू होते. ती सवय हाडात मुरलेली. चार्जरही तसाच सुरू होईल हे मी गृहीत धरलं. पण कार्डावर चालणारा आमचा चार्जर तसा नाही. वीज गेली की त्याचं काम तिथंच संपतं, परत कार्ड दाखवावं लागतं. मी दिवा बघितलाही नाही.

सकाळी साडेसहाला ती खाली आली तेव्हा दिवा निळा होता, म्हणजे चार्जिंग बंद, आणि गाडीत सतरा टक्के. कार्ड माझ्या उशाशी. बेल वाजवायची नाही असं माझंच कलम. ती बेल न वाजवता निघाली. एसी बंद ठेवून, हळू चालवत, वाटेत हायवेला एका ढाब्यावर चार्जर आहे तिथपर्यंत पोचू या हिशेबाने. गाडी न्हावऱ्याच्या पुढे, केडगाव यायच्या आधी उभी राहिली. एका दुधाच्या पिकअपवाल्याने तिला हॉलतिकिटांसकट केंद्रावर सोडलं. मुलं परीक्षेला बसली, पण पहिल्या पेपरची वीस मिनिटं गेली होती. मुख्याध्यापकांनी तिला कारणे दाखवा नोटीस दिली. गावातल्या पालकांनी काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

मी साडेसातला उठलो, निळा दिवा बघितला, मुलाने मोबाइलवर घालून दिलेलं अ‍ॅप उघडलं. काल आठला बंद, त्यानंतर काही नाही. मला सगळं कळलं.

दुपारी तिचे सासरे कवठे येमाईहून आले. गाडी टेम्पोवर चढवून आणली होती. दोरी बांधून ओढायची नसते हे तिने फोनवर सांगितलं, त्यावरूनच ते आधी चिडले होते. "ढकलता यीना, ओढता यीना. गाडी हाय का लगीनघरातली करवली?" पोर्चमध्ये उभं राहून त्यांनी सुनेला विचारलं, "लावली व्हती का न्हाई?"

"लावली होती. हिरवा दिवा मी डोळ्यांनी बघितला."

"मंग चार्ज गेला कुठं? उंदरानं खाल्ला?" ते माझ्याकडे वळले. "आबा, तुमी इलेक्ट्रिकचं मानूस. तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही. तिच्या डोळ्यांत आशा होती, की मी काहीतरी सांगेन. आणि मी म्हणालो, "कधीकधी काय होतं, प्लग पूर्ण बसत नाही. मग मधेच सुटतो."

एवढंच. आवाज मात्र इंजिनिअरसारखा आला. सासरे म्हणाले, "ऐकलंस?" आणि दुसऱ्या दिवशी मी, कोणी सांगितलं नव्हतं तरी, कागदाखाली पाचवं कलम लिहिलं: प्लग खट्कन आवाज येईपर्यंत दाबून बसवावा, नाहीतर चार्जिंगची जबाबदारी वापरणाऱ्याची राहील.

त्या रात्री भांडी घासता घासता बायको एवढंच म्हणाली, "टाकी भरली तवा त्या डब्याचा खटका तुम्हीच पाडला होता ना?" मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "विजेतलं न्हाई कळत."

शिक्षिका परत एसटीने जायला लागली. पहाटे निघायची, अंधार पडल्यावर यायची. गाडी शेजारच्या अंगणात कव्हर घालून उभी. तिने ती चालवणं सोडलं, कारण घरात आता एकच बोलणं ठरलं होतं: बाईच्या हातात गाडी देऊन बघितली, झालं ते झालं. मला दिसली की हसायची, "बरे आहात ना आबा?" ते सगळ्यात अवघड.

पाच महिन्यांनी बायकोने बातमी आणली. गाडी बघायला दौंडहून गिऱ्हाईक येतंय, गुरुवारी. गुरुवारी रांजणगावला सुट्टी, नवरा घरी असतो, सासरेही येणार. "गाडी गेली की नोकरी पण जाईल बघा," ती म्हणाली. "पोरगी दमलीय. सासरा म्हणतोय, सोड."

बुधवारी मी जुना कागद काढला आणि नवा लिहायला बसलो. चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी "तांत्रिक कारणामुळे" असं काहीतरी आपोआप लिहिलं जात होतं. बायको शेजारी शेंगा सोलत होती. म्हणाली, "कर्ता कोण ते लिवा आधी."

गुरुवारी मी गेलो तेव्हा अंगणात गाडीचं कव्हर काढलेलं होतं. सासरे खाटेवर, नवरा कापड घेऊन काच पुसत, ती दारात. गिऱ्हाईक यायचं होतं. मी म्हणालो, "मला थोडं वाचून दाखवायचंय," आणि उभ्यानेच वाचलं.

"पाचवं कलम रद्द. ते खोटं होतं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्लग नीट बसलेला होता. पाण्याची मोटर उचलत नव्हती म्हणून चार्जर मी बंद केला. परत चालू केला, पण कार्ड टेकवलं नाही. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चूक माझी, वापरणाऱ्याची नाही. चौथं कलमही रद्द. अडचण असेल तर बेल कधीही वाजवावी. कार्ड यापुढे वापरणाऱ्याकडे राहील."

मी कागदाची घडी घातली. मग सासरे म्हणाले, "आबा, चाळीस वरसं कंपनीत काय केलं मंग?"

"असंच विचाराल म्हणून बोललो नाही, आप्पा."

ते हसले नाहीत. सुनेकडे बघायचंही त्यांनी टाळलं. खाटेवरून उठले, चपला घातल्या आणि मुलाला म्हणाले, "त्या दौंडच्याला फोन लाव. म्हणावं, येऊ नगं." आणि फाटकाबाहेर जाऊन तंबाखू मळत उभे राहिले.

ती पायऱ्या उतरून आली. मला वाटलं होतं, रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. ती म्हणाली, "पाच महिने झाले आबा. मलाच वाटायला लागलं होतं, की मी प्लग लावलाच नव्हता. हिरवा दिवा स्वप्नात बघितला असेल."

तिने हात पुढे केला. मी कार्ड दिलं. ती म्हणाली, "कागद पण द्या. आणि हेच सगळं मुख्याध्यापकांच्या नावाने अर्जात लिहून द्या, खाली सही करून. नोटिशीला मी तेव्हा 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं उत्तर दिलंय. ते फाइलला आहे."

अर्ज मी त्याच दुपारी लिहिला. सोमवारी ती गाडी घेऊन गेली, अर्ज बरोबर नेला.

नवा कागद आता पाकिटात आहे. त्याच्या तळाशी तिने स्वतःच्या अक्षरात, शाळेच्या फळ्यावरचं असतं तशा ठसठशीत अक्षरात, एक ओळ वाढवलीय: मोटर लावायची असेल तर आधी हाक मारावी.

चहाला ती अजून थांबत नाही. पण आठच्या सुमाराला नळाला पाणी आलं की मी फाटकापाशी जाऊन वर हाक मारतो. ती खाली येते, चार्जर स्वतः बंद करते आणि टाकी भरेपर्यंत तिथेच उभी राहते. मीही उभा राहतो. मग ती कार्ड टेकवते, आणि दिवा हिरवा झाला की आम्ही दोघंही तो बघतो.