वसुधाची सांडशी

वसुधा गेल्याचा फोन तिच्या मुलीने, मुग्धाने केला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. नंतर कितीतरी वेळ रिसीव्हर हातातच होता... अर्धांगाच्या पहिल्या झटक्यानंतर वसुधा जवळपास वर्षभर आमच्यात राहिली, आणि ती आमच्यात आहे हे सिद्ध करण्यासाठी झगडावं लागलं होतं, ते सगळं तेव्हा आठवत होतं.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात मराठी शिकवायचो. शहराबाहेर कंपन्या येऊ लागल्या, घरोघरी मुलं इंग्रजी शाळेत जाऊ लागली, त्या काळात वसुधाने आजी, आई आणि नात यांचे स्वयंपाकघरातले शब्द गोळा करायला घेतले. मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यासोबत जायचे. तिची पद्धत कडक होती. तिघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं, वस्तू समोर धरायची आणि "हे काय?" एवढंच विचारायचं. शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये, नाहीतर समोरचा तोच परत देतो. दुसऱ्या फेरीत मात्र उलट. वस्तू मांडून ठेवायच्या, आपण शब्द म्हणायचा आणि ती कोणती उचलते ते पाहायचं. बोलण्यातून गेलेला शब्द कानाला ओळखीचा असतो का, ते त्यातून कळायचं. कसबा पेठेतल्या एका घरात गरम पातेलं उतरवायच्या चिमट्याला आजी 'सांडशी' म्हणाली, सून 'पक्कड' म्हणाली, नात "ते... होल्डर!" म्हणाली. पण दुसऱ्या फेरीत 'सांडशी' म्हणताच नातीने बरोबर तीच उचलली. वसुधा त्या दिवशी रस्ताभर खूश होती. हडपसरला एक आजी पातळ भाजीला 'कोरड्यास' म्हणाल्या, तर सून दारातून ओरडली, "आत्या, आमटी म्हणा, टेप चालू हाय!" वसुधाने टेप बंद केला आणि सुनेला शांतपणे सांगितलं, "ताई, त्यांचं चुकलेलं नाही. मला तेच हवंय."

आणि मग वसुधालाच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यातून तिला बिबवेवाडीच्या घरी आणलं, तेव्हा ती तुटक काहीतरी बोलायची, पण त्याचा अर्थ कुणाला लागत नव्हता. वाचा-उपचारासाठी येणारी नागपूरकडची मुलगी, शलाका, चित्रं दाखवून नावं विचारायची. उलथन्याच्या चित्राला वसुधा म्हणाली, "का...लथा." शलाकाने फुली मारली. कपाटाला 'फडताळ'... फुली. "चिमटा कुठला? पक्कड दाखवा" म्हटलं तर वसुधा नुसती बघत राहिली. तिचे यजमान अनंतराव थकले होते. "तिला काही समजत नाही आता. शुश्रूषागृहात जागा मिळतेय, सोमवारी नेऊ," ते म्हणाले. मुग्धा आयटी कंपनीतून थेट आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही तसंच. "बाबा, आईला समजतं!" "कशावरून?" ते ओरडले. वसुधाचे डोळे भरून आले होते, आणि ते कशाने, हेही ती सांगू शकत नव्हती.

मी शलाकाच्या हातातली चित्रं पाहिली. वसुधा लहानपणी कऱ्हाडकडे आजीपाशी वाढली होती. "हे शब्द चुकीचे नाहीत, आजीचे आहेत," मी म्हणाले. शलाका जरा थांबली. "उलथन्याला कालथा? आमच्याकडे सराटा म्हणतात..." आणि मग तीच म्हणाली, "वस्तू आणा बरं." मुग्धाने स्वयंपाकघरातून पळी, झारा, लाटणं, चिमटा आणून पलंगावर मांडलं. अनंतराव दाराशी उभे होते. मी वसुधासमोर बसले. नाहीच उचललं तर सोमवार ठरलेलाच होता.

"वसुधा, सांडशी."

डावा हात चादरीवर सरकला. पळीपाशी थांबला... मग तो हात पुढे गेला, आणि वसुधाने चिमटा उचलून माझ्या हातात दिला.

शलाकाने फुल्या खोडल्या. "लहानपणचे शब्द शाबूत राहिलेत. तिथूनच सुरुवात करू." सगळं काही बरोबर आलं नाही, 'मिक्सर' शेवटपर्यंत आला नाही. पण सोमवारी कुणी कुठे गेलं नाही. अनंतराव रोज वसुधाजवळ बसून एकेक शब्द विचारायला लागले, आणि स्वतःच चुकल्यावर तिच्याकडून तुटक बोलणी खाऊ लागले. दुसरा झटका आला तेव्हा ती घरीच होती.

परवा मी बिबवेवाडीला गेले. मुग्धा फोनवर ऑफिसशी इंग्रजीत बोलत होती. मला पाहून तिने फोनवर हात ठेवला. "मावशी, चहा वैलावर आहे, घे ना." चुलीच्या शेजारचं, नुसत्या धगीवर भांडं ऊन ठेवायचं ते तोंड म्हणजे वैल, वसुधाच्या आजीकडचा शब्द. या घरात चूल कधीच नव्हती. मी आत गेले. गॅसच्या लहान बर्नरवर, अगदी मंद आचेवर, पातेलं झाकून ठेवलं होतं. चहा गरम होता.