भावाच्या नावाने शोधा

गोंदियाच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अंतिम वर्षाच्या मुलांशी थोडा वेळ बोलायचं होतं. नोकरी शोधायला लागण्याआधी इंटरनेटवर आपली व्यावसायिक ओळख कशी तयार करावी, हा विषय प्राचार्यांनीच दिला होता. तेव्हा मी एका दैनिकाची वेब आवृत्ती सांभाळत होतो, म्हणून बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात नागपूरची एक कंपनी मुलाखती घ्यायला येणार होती, त्यामुळे हॉल भरलेला होता.

मी म्हणालो, "तुम्हाला बोलावण्याआधी कोणीतरी तुमचं नाव सर्चमध्ये टाकून पाहील. तिथे काय दिसावं हे आज तुमच्या हातात आहे. 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' लिहू नका, ते सगळेच लिहितात. केलेलं एक काम दाखवा. काय बिघडलं होतं, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं. आणि मार्कशीटवर जसं नाव आहे, त्याच नावाने."

प्रोजेक्टर चालू होता. एका मुलाने हात वर केला म्हणून त्याचं नाव टाकलं. क्रिकेटच्या दोन फोटोंनंतर त्याचीच एक ओळ आली: 'कोई भी जॉब दिला दो यार.'

"अबे, कंपनीवाले रडतील हे वाचून!" मागून कोणीतरी ओरडलं.

हशा थांबल्यावर दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. इलेक्ट्रिकल शाखेची होती.

"सर, माझ्या नावावर काहीच नाही निघणार. माझ्या भावाच्या नावाने शोधा."

पुन्हा हसू उसळलं. मी तिने सांगितलेलं नाव टाकलं आणि पहिलाच निकाल एका ब्लॉगचा आला. गोंदियाजवळच्या कुडव्यात तिच्या घरचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटरीत नव्या तारा भरून देण्याचं दुकान होतं आणि ब्लॉगला त्या दुकानाचंच नाव होतं. जिल्ह्यातल्या राइस मिलच्या जळालेल्या मोटरींचे फोटो होते. कोणत्या कॉइल काळ्या पडल्या यावरून विजेच्या तीनपैकी एक फेज तुटली होती की मोटरवर लोड जास्त झाला होता, हे सोप्या भाषेत लिहिलेलं होतं. प्रत्येक लेखाखाली भावाचं नाव होतं.

"लिहितं कोण?"

"मी. खातं त्याच्या मोबाइलवरून उघडलं होतं. घरचे म्हणाले, मुलीचं नाव कशाला टाकायचं नेटवर."

मुलाखतीत ती काय दाखवणार होती, ते आता सगळ्यांना कळलं: दुसऱ्याच्या नावाचं काम. मी म्हणालो, खात्याचं दर्शनी नाव बदललं की जुन्या सगळ्या लेखांखाली नवं नाव येतं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही संगणक कक्षात गेलो. लॉगिन करताना नवीन संगणक असल्याने पडताळणीचा कोड मागितला गेला. तो भावाच्या मोबाइलवर जाणार होता. भाऊ तिला न्यायला आला होता, गेटवर मोटरसायकलवर बसून होता. तिने त्याला वर बोलावलं.

"कोड आला का, दादा? सांग."

"कायले? काय करून राहिली तू?"

"खाली माझं नाव टाकून राहिली."

त्याने मोबाइल खिशात टाकला. "मिलवाले मले ओळखतेत त्याच्यावरून. चार गिऱ्हाईक येतेत दुकानात. अन् तुझं नाव टाकलं तं फालतू लोकं मेसेज करतीन."

"गिऱ्हाईक आले का मलेच फोन लावतोस ना विचाराले? 'ही कॉइल काऊन जळली वं?' म्हणून?"

तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं नव्हतं. मी सांगितलं, दुकानाचं नाव आणि पत्ता वर तसाच राहील, गिऱ्हाईक तिथूनच येतं. तिचा फोन नंबर किंवा फोटो टाकायची गरज नाही. संपर्कासाठी वेगळा ईमेल ठेवावा. नाव मात्र तिचंच हवं, कारण मुलाखतीत प्रश्न तिलाच विचारले जातील.

"फोटो नाही ना?"

"नाही रे."

त्याने मोबाइल काढून कोड वाचून दाखवला. तिने नाव बदललं, पान पुन्हा उघडलं, आणि एकेका लेखाखाली जाऊन पाहिलं. मग तिने आपला ईमेल व्यवस्थापक म्हणून जोडला, म्हणजे पुढे कोडसाठी कोणाला वर बोलवायला नको. सर्चमध्ये जुनं नाव अजून काही दिवस दिसू शकेल, म्हणून बायोडेटावर थेट ब्लॉगची लिंक लिही, असं मी तिला सुचवलं.

मुलाखत झाल्यावर तिचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्यांनी आधीच ब्लॉग पाहिला होता. "हे खरंच तुम्हीच लिहिलंय?" असं विचारून त्यांनी आपल्या कारखान्यातल्या एका जळालेल्या मोटरचा फोटो समोर ठेवला होता.

"मग?"

"मोटरच्या आतली जोडणी डेल्टा होती. एकाच फेजच्या कॉइल काळ्या पडल्या होत्या, बाकीच्या दोन चांगल्या. मी म्हटलं, पुरवठ्यातली एक फेज गेली होती, लोडचा दोष नाही; लोडने जळली असती तर सगळ्याच कॉइल काळ्या पडल्या असत्या. ते म्हणाले, आमचा फोरमन लोडच म्हणत होता." मग म्हणाली, "सर, घेतलं मला."