सत्यवती टीचरचे दहा अळसांदे

आमच्या स्टाफरूममधला चहा गेल्या वर्षी अचानक बिघडला. कुणी म्हणे दूध वाईट, कुणी म्हणे पावडर. मी म्हटलं, सगळंच बदला आणि मोकळे व्हा. सत्यवती टीचरनी डोळे वटारले. पहिल्या दिवशी फक्त पावडर बदलली, दुसऱ्या दिवशी जुनीच पावडर आणि फक्त दूध, तिसऱ्या दिवशी फक्त भांडं. भांड्याचा दोष निघाला. तोवर आम्ही दोन दिवस तोच घाणेरडा चहा पीत होतो, हे मी अजून विसरलेलो नाही.

टीचर मूळच्या पेडण्याकडच्या, कोरगावच्या. डिचोलीला सून म्हणून आल्या आणि वीस वर्षं आमच्या शाळेत विज्ञान शिकवतायत. मी मराठी शिकवतो, म्हणजे त्यांच्या मते अंदाजपंचे बोलण्याचा पगार घेतो. बाई फटकळ, पण खोटं बोलायचं तर त्यांना घाम फुटतो.

नोव्हेंबरात त्यांनी सातवीच्या मुलांना रोपांचा प्रयोग दिला. पुस्तकात इंग्रजीतून व्हेरिएबल आणि कंट्रोल असले शब्द. टीचर फळ्यावर ते लिहायच्या आणि आपल्या भाषेत सांगायच्या, "एका वेळी एकच. जे तपासायचं तेवढंच बदला, बाकी सगळं सारखं. बी सारखं, डबा सारखा, पाणी सारखं, ऊन सारखं. नाहीतर झाड कशामुळे वाढलं ते झाडालाही ठाऊक नसेल!"

सर्वणच्या गौरवीने घरी दोन डबे केले. एकात परसातली माती, दुसऱ्यात त्यांच्या शेतातली. त्या शेतावर मागे डोंगरावरच्या खाणीची तांबडी माती पावसात वाहून आली होती. तेव्हापासून तिच्या आज्याने, गोकुळदासने, तिथे नांगर घातला नव्हता. पोरीने दोन्हीकडे दहा-दहा अळसांदे, म्हणजे आमची गावठी चवळी, पेरले, रोज एकेक कप पाणी घातलं. पंधरा दिवसांनी परसातल्या मातीत आठ रोपं तरारली होती, खाणीच्या मातीत दोन, तीही मान टाकलेली. तक्ता इतका सुबक होता की टीचरनी त्यावर तारा काढून तो वर्गाच्या भिंतीवर लावला. शेजारच्या बाकावर डबे मांडले.

शनिवारी पालकसभेला गोकुळदास आला. पांढरा शर्ट, हातात टोपी. तक्ता वाचायला त्याने बराच वेळ घेतला. मी तिथेच होतो.

"टीचर, तुमी बरें केलें," तो म्हणाला. "माती मेली म्हण हांव सांगतालोंच. घरांत कोणाक पटना. आतां कागदारूच आयलें. सोमारा सय करतां, शेत ट्रक उबे करपाक दितां. एकदां रोलर फिरलो काय जालें."

सोमवारी सही करून शेत ट्रकतळाला द्यायचं, हे तो शांतपणे म्हणाला, पण टोपी हातात पिळत होता. त्याच शेतातल्या भातावर तो लहानाचा मोठा झाला होता. गौरवी खाली मान घालून उभी होती. आपल्याच तक्त्याने आपलं शेत जाणार, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

 टीचर परसातल्या मातीच्या डब्यावर वाकल्या, दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि तळहातावर धरलं. अक्षतांचे दोन दाणे होते. तुळशीची सुकलेली मंजिरीही होती, आणि डब्याच्या काठाला गंधाचा ओघळ.

"गौरवी, हा डबा घरी कुठे ठेवला होतास?"

"तुळशीकडेन."

"आणि दुसरा?"

"न्हाणीच्या वणटीकडेन. आजो म्हणालो, खाणीची माती तुळशीकडे नाका."

"आणि या डब्यात अक्षता कशा आल्या?"

पोरीने आज्याकडे बोट केलं. आज्यानेच सांगितलं, "हांव घालतां. देवांक न्हाणयल्लें उदक. तें पांयांखाला येवंक जायना, म्हणून तुळशीक घालतां. लागीं डबो आसलो, ताकाय मातशें दितालों."

"रोज?"

"रोज. देवपूजा चुकता काय?"

म्हणजे एका डब्याला रोज कपाशिवाय देवांच्या स्नानाचं जास्तीचं पाणी आणि अंगणातलं ऊन, दुसऱ्याला एकच कप आणि न्हाणीच्या भिंतीची सावली. ती तांबडी माती सुकली की वर टणक पापुद्रा धरते, कोंब तो फोडणार कसा? माझ्यासारख्या मराठीवाल्यालाही ते समजलं.

टीचरनी भिंतीवरचा तक्ता काढला. सगळ्या पालकांसमोर, ताऱ्यासकट.

"गोकुळदासबाब, हा प्रयोग चुकला. चूक पोरीची नाही, माझी. डबे कुठे ठेवलेस ते मी विचारलंच नाही, नुसते सुबक अक्षर बघून भुलले. यावरून तुमची माती मेली की जिवंत आहे, काहीच कळत नाही. मला तीन आठवडे द्या."

"देवाच्या उदकान प्रयोग इबाडलो?" म्हातारा तडकला.

"देवाच्या नाही, जास्तीच्या पाण्याने. दोन्ही डब्यांना घातलं असतंत तर माझी तक्रार नव्हती."

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घालवलं. गोकुळदास मात्र हसला नाही. गौरवीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आजो, तीनच आठवडे." तो टोपी घालून चालता झाला. पण सोमवारी त्याने सही केली नाही.

या वेळी सगळा वर्ग कामाला लागला. एका डब्यावर भरवसा नको म्हणून प्रत्येक प्रकारचे तीन-तीन डबे: परसातली माती, खाणीची माती, आणि खाणीच्याच मातीत कुजलेलं शेणखत. सगळे डबे शाळेच्या एकाच व्हरांड्यात, एकाच उन्हात. बी एकाच बरणीतलं, पाणी औषधाच्या टोपणाने मोजून. शेणखत कामाचं की नाही ते बघायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची तुलना करायची, कारण तिथे खतापलीकडे काही बदललेलं नाही. हे मला सातवीतल्या पोरींनी समजावलं, तेही मी मंद असल्यासारखं.

तीन आठवड्यांनी मोजणी झाली. प्रत्येकी तीस अळसांद्यांतून परसातल्या मातीत सत्तावीस उगवले होते, नुसत्या खाणीच्या मातीत सतरा, शेणखत घातलेल्या मातीत चोवीस. टीचरनी या तक्त्यावर तारा काढला नाही. खाली लिहिलं, "डब्यातलं हे असं. शेतातलं शेतातच बघावं लागेल." मला ते वाक्य फार आवडलं, पण त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर बसल्या असत्या.

गौरवी तो कागद घरी घेऊन गेली. आठवडाभर काही कळलं नाही. टीचर वरकरणी नेहमीसारख्या चहा भांड्यासकट तपासत होत्या, पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता. शेवटी रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सर्वणला नेलं.

शेतात ट्रक नव्हते. तांबड्या मातीत एका कोपऱ्यात दोन वाफे आखले होते, लांबीरुंदी दोरीने मोजलेली. एकावर शेणखत, एक तसाच. गौरवी काठीने अळसांद्यांची भोकं पाडत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती.

बांधावरून गोकुळदास आला. नुकती पूजा आटोपलेली, कपाळाला ओलं गंध, हातात देवाच्या पाण्याचा तांब्या. सवयीने तो पहिल्याच वाफ्यावर ओतायला वाकला. मग टीचर दिसल्या आणि तो थबकला. त्याने खिशातून औषधाचं टोपण काढलं. एक टोपण या वाफ्याला, एक त्या वाफ्याला, परत एक याला, एक त्याला, अक्षतांचे दाणेसुद्धा मोजून वाटले. तांब्या रिकामा होईपर्यंत तो वाकूनच होता.

सत्यवती टीचर बांधावर उभ्या राहून ढसाढसा रडल्या. वीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"कित्याक रडटात, टीचर?" म्हाताऱ्याने वर बघून विचारलं. "दोनूय कडेन उदक सारकें पडूंक ना?"