कढईपाशी फुटलेलं डोकं

हळद शिजायला लागली की त्या वासासरशी मला थोरल्या भावाचं रक्त आठवतं. हिंगोली जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. हळद शिजवायची सामाईक कढई आधी कुणी लावायची यावरून भांडण पेटलं आणि चुलत्यानं जळणातला दांडका भावाच्या टाळक्यात घातला. वसमतच्या दवाखान्यात आणलं तेव्हा भाऊ चुलत्याला शिव्या घालत होता. सकाळी मात्र त्यानं सलाईन उपटलं, मला तोंडावर लाथ मारली, खाटेवर डोकं आपटू लागला. "पिऊन आलाय मेला," म्हणत दिवसपाळीची सिस्टर झोपेचं इंजेक्शन भरू लागली. रात्रपाळीची सिस्टर खाटेपाशी उभी राहून तिला चार्ज देत होती. "थांबा बाई. आला तवा बराबर बोलत होता, दारूचा वास न्हवता. पहाटेपासून उलट्या झाल्या, नाडी मंदावत चालली. आन् हे बघा." तिनं डोळ्यावर बॅटरी मारली. "रात्री दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या, आता ही मोठी झाली. डोक्यात रक्त साचून राहिलंय. झोपवलं तर बिघडलेलं कळायचंच न्हाई. डॉक्टरला बोलावलंय, नांदेडला न्यायला गाडी सांगितलीय." दुसरीनं भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. नांदेडला कवटीला भोक पाडून रक्त काढलं. आजही भाऊ कढईपाशी उभा राहून चुलत्याला तशाच शिव्या घालतो आणि मी ऐकत बसतो. त्या सकाळी इंजेक्शननं तो गप पडला असता, तर 'निजला एकदाचा' म्हणून मीच त्याच्यावर पांघरूण घातलं असतं.