कळप मोजायचे की काळविटं

मोहोळच्या अलीकडच्या माळावर झाडं लावायची ठरतंय, असा वनरक्षकाचा संध्याकाळी फोन आला आणि माझी भूकच मेली. त्याच माळावर आणि आजूबाजूला मी पीएचडीसाठी वर्षभर काळविटं मोजत होते. माळ खणला तर ती जाणार कुठं?

"उद्या सकाळी मिटिंग हाय. सायबांना आकडा दाखवा," तो म्हणाला. "नुसतं बोलून ऐकत न्हाईत ते."

आकडा होता की माझ्याकडे. गवताळ माळ, वनखात्यानं लावलेल्या झाडांची जुनी लागवड आणि शेतं, तिन्हींचं क्षेत्रफळ मोजलेलं. काळविटांना सगळीकडे सारखंच वाटत असेल, तर ती त्याच प्रमाणात दिसायला हवीत. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्येतल्या फरकाचा वर्ग, भागिले अपेक्षित, आणि तिन्हींची बेरीज, हा काय-वर्ग, म्हणजे काय-स्क्वेअर. तो जितका मोठा, तितकं 'सगळीकडे सारखंच' हे म्हणणं लटकं. माझा एवढा मोठा आला, की मी ऐटीत गाईड मॅडमना पाठवला.

त्यांचा लगेच फोन. "अगं, तू जनावरं मोजलीस की कळप?"

"जनावरं."

"तीस काळविटं एकत्र माळावर आली, तर तिसांनी वेगवेगळं ठरवलं का? कळप म्हणजे एक नोंद. परत कर."

अस्सा राग आला. त्यांचा नाही, माझाच. हे मला कळत नव्हतं थोडंच. खोलीत येरझाऱ्या घातल्या, मग बसले.

कळप धरल्यावर काय-वर्ग केवढा तरी उतरला, पण फरक आहे म्हणण्याइतका राहिला. फरक नेमका कुठं, ते तो सांगत नाही. म्हणून निवड-गुणोत्तर काढलं: वापराचा वाटा भागिले जागेचा वाटा. एक आलं तर जागेच्या प्रमाणात वापर. माळ चाळीस टक्के, कळप पन्नास टक्के, म्हणजे सव्वा. पण त्याचा विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, एकाच्या खालून सुरू होऊन वर जात होता. माळ निवडतात, असं छातीठोक म्हणता येईना. शेतांचंही तेच. लागवड मात्र पस्तीस टक्के जागा आणि पंधराच टक्के कळप. तिचा अंतराल अख्खा एकाच्या खाली.

मिटिंगमध्ये साहेबांनी तेच विचारलं. "म्हणजे माळ त्यांना आवडतो, असं तुम्ही म्हणत नाही?"

वनरक्षक माझ्याकडे बघत होता. हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं.

"नाही म्हणता येत," मी म्हणाले.

"मग लावू की झाडं."

"लागवड ती टाळतात, हे मात्र नक्की म्हणता येतं. माळाची लागवड केलीत तर त्यांना काय उरतं, तुम्हीच बघा."

साहेबांनी नकाशा पुढे ओढला. त्यांची स्वतःची ज्वारी मोडनिंबला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. उरत होती ती फक्त शेतं, म्हणजे काळविटं पिकांतच उतरणार.

"यंदा माळ सोडा," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर वनरक्षकानं चहा मागवला. माझ्या डोक्यात 'यंदा' हा शब्दच घोळत होता. पुढच्या वर्षापर्यंत माळाचा अंतराल अरुंद करायचा, तर आणखी नोंदी हव्या होत्या. चहा अर्धा ठेवून मी माळावर गेले आणि कळप मोजायला लागले.