तीस बरोबर, तरी साडेसहा

दोन हजार सात-आठच्या सुमारास मी कुडाळच्या एका खाजगी इस्पितळात परिचारिका होते. वय चौतीस. माझ्याबरोबर वॉर्डात मालवणकडची एक ख्रिश्चन मैत्रीण होती. आम्ही दोघींनी एकाच दिवशी ठरवलं, इंग्लंडला जायचं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागायची आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत एकाच बैठकीला किमान सात बँड हवे होते. एका भागातही साडेसहा चालायचे नाहीत.

आमची खरी भीती वाचनाची. तीन लांबलचक उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला वजाबाकी नाही. चाळीसपैकी जे मिळतील ते गुण मग नऊच्या पट्टीवरच्या बँडमध्ये बदलायचे. ड्युटी संपली की आम्ही दोघी एका निवृत्त सरांकडे जायचो. सर कॉलेजात इंग्रजी शिकवून मालवणात येऊन स्थिरावले होते. पाय सुजलेले असायचे, डोळे मिटत असायचे आणि समोर कुठल्यातरी देशातल्या जुन्या कालव्यांचा इतिहास. सर घड्याळ लावायचे आणि अंगणात जाऊन बसायचे.

सरावाचे गुण सर एका वहीत लिहायचे. तिचे एकोणतीस, माझे तीस. माझे एकोणतीस, तिचे एकतीस. सात-आठ महिने हेच. साधारण तिशीला सात बँड मिळतात, असं सराव-पुस्तकात दिलं होतं. म्हणजे आम्ही दोघीही अगदी उंबऱ्यावर उभ्या होतो. तेव्हा ते आम्हांला कळलं नाही. आम्हांला वाटलं, पोचलो.

दोघींना एकदम रजा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून तिने पुण्याची आधीची तारीख घेतली, मी पंधरा दिवसांनंतरची. ती परत आली ती रडतच. कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटाला टेकून म्हणाली, "वाचनाचो पेपर मरणाचो कठीण होतो गो. तिसरो उतारो माका कळलोच नाय. अर्धी उत्तरां अंदाजान लिवलंय."

मी तिची समजूत घातली. मग माझी पाळी आली. माझा पेपर सरळ होता. मधमाश्यांवरचा उतारा तर मी दहा मिनिटं राखून संपवला. परतीच्या एसटीत मी बोटांवर मोजत होते, दोन इथे चुकली असतील, पाच-सहा तिथे, दोन शेवटी. कसंही धरलं तरी तीस बरोबर. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा मी कित्येक महिन्यांनी भूक लागल्यासारखा वडापाव खाल्ला.

दोनेक आठवड्यांच्या अंतराने दोघींचे निकाल टपालाने आले. तिचे चारही भाग सात किंवा त्याहून वर, वाचनात बरोबर सात. माझं ऐकणं साडेसात, बोलणं सात, लिहिणं सात. वाचन साडेसहा.

निकालाच्या कागदावर फक्त बँड असतो. चाळीसपैकी किती बरोबर आले, हे कुणी सांगत नाही. मी तो कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

माझा कागद आला त्या दिवशी वॉर्डात ती माझ्याजवळ आली आणि हळूच माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला.

"तुजो पेपर सोपो होतो," मी म्हटलं, "म्हणान तुका सात मिळाले. आपण दोघींनी सारखोच अभ्यास केलो ना?"

"माका रडताना बघितलंस ना तू?" ती एवढंच म्हणाली आणि सलाईन बदलायला निघून गेली.

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलायचो. मी सरांकडे एकटीच गेले आणि कागद त्यांच्यापुढे टाकला. म्हटलं, "सर, पुन्हा तपासायला द्यायचा का?"

सरांनी कागद पाहिला. "देता येईल. पण तुमचा पेपर सोपा गेला म्हणालात ना?"

"हो. तिचा कठीण होता, ती रडत आली होती."

"मग इथेच मेख आहे," सर म्हणाले. "प्रत्येक बैठकीला पेपर वेगळा असतो. कितीही काळजी घेतली तरी एखादा किंचित कठीण होतो, एखादा किंचित सोपा. समजा, बंदरापासून किल्ल्यापर्यंत होडी वल्हवायची आहे. एक जण वारा पडलेला असताना जातो, दुसरा समोरच्या वाऱ्यात. दोघांना एकच वेळ लावली तर अन्याय होईल. म्हणून वाऱ्यातल्याला थोडी सूट. तसंच हे. कठीण पेपरला एकोणतिसावर सात देत असतील, सोप्याला एकतीस मागत असतील. नक्की आकडा आपल्याला कळत नाही, पण फरक असा एक-दोन गुणांचाच असतो."

"म्हणजे तिची उत्तरं माझ्यापेक्षा कमी बरोबर असतील, तरी तिला जास्त?"

"असू शकतं. आणि तरी ते रास्त आहे."

मला ते पचलं नाही. "मग सूट देऊन सगळं सारखं झालं, तर आम्ही दोघी सारख्या असून मी खाली का?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकले होते, आमच्यासारख्या कितीजणींना त्यांनी हे सांगितलं असेल. "सूट पेपरला मिळते, माणसाला नाही. त्या दिवशी तुमची झोप कशी होती, उतारा ओळखीचा होता का, अंदाज लागला की नाही, हे कुठला तक्ता मोजणार? आणि बँड म्हणजे पायरी. मधे उतार नाही. सात-आठ महिने तुम्ही दोघी पायरीच्या कडेवर उभ्या आहात. कडेवरचं माणूस एकदा वर दिसतं, एकदा खाली. तिचा पाय वर पडला, तुमचा खाली. तेहतीस-चौतीस यायला लागले की कुठलाही पेपर आला तरी चालेल. त्याआधी नशीब."

घरी परत येताना मला रडू आलं नाही. फक्त लाज वाटली. ज्या पेपराला मी सोपा म्हणाले तो तिचा नव्हताच, माझा होता.

मी अजून पाच महिने अभ्यास केला. तोवर तिची जायची तारीख ठरली. पुन्हा पुण्याला गेले, पुन्हा तीच एसटी. या वेळी वाचनात सात मिळाले आणि लिहिण्यात साडेसहा. दोन कागद शेजारी ठेवले तर चारही सात भरत होते. पण दोन बैठकांचे गुण जोडता येत नव्हते. हेही मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

तिसऱ्यांदा मी बसले नाही. जमलं असतं, नसतंही. उठून पुन्हा घड्याळ लावायची ताकदच उरली नव्हती.

ती जायच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची आई फणसाचे गरे वाळत घालत होती. मैत्रीण बॅग भरत होती. मी दारातच म्हटलं, "तुजो पेपर कठीण होतो गो. माका सरांनी सांगितल्यानी. मी उगाच बोललंय तुका."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. मग बॅगेत साडी ठेवत, "माका फक्त एक गुण जास्त मिळालो आसतलो, नायतर तोय नाय. तू माज्याइतक्यांच बरां वाचतंस, ह्यां सरांची वही सांगता."

तिने मला बॅगेवर बसवलं, चेन लागत नव्हती म्हणून. मी जोर दिला आणि ती चेन ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती, त्यामुळे तिला निरोप द्यायला जाता आलं नाही. तिच्या जागी नवी मुलगी आली होती, तिला औषधांची ट्रॉली कशी लावायची ते दाखवत मी सकाळ काढली.